पुरुषाचा 'विनयभंग' होतो का? अर्जात नेमका कोणता शब्द लिहायचा?

गोदाकाठ:
माझा मावसभाऊ लातूरकडं एका सिनियर कॉलेजच्या ऑफिसात कंत्राटी ऑपरेटर आहे, अकरा महिन्याच्या ऑर्डरवर. त्याच्या सेक्शनच्या मॅडम रात्री अकरा-साडेअकराला मेसेज करायच्या, आधी गुड नाईट, मग 'बायको झोपली का', मग फोटो पाठव. ऑफिसात खुर्चीमागं येऊन मानेवर हात ठेवायच्या. पुण्याला ट्रेनिंगला माझ्या गाडीत चल, मुक्काम करू म्हणल्या, हा नाही म्हणला आणि आठ दिवसात याला रेकॉर्ड रूमला टाकलं, आता मुदतवाढीची फाईल अडकून बसलीय. त्यानं अर्ज लिहिला की माझा विनयभंग झाला. आवक-जावकच्या क्लार्कनं तो अर्ज सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला, सगळे हसले, आणि कॉलेजच्या लैंगिक छळाच्या तक्रारी बघणाऱ्या समितीनं 'अर्जदार महिला नाही' असा शेरा मारून परत दिला. तेव्हापासून तो घरातही नीट बोलत नाही. मला विचारायचंय की शब्द चुकला का? विनयभंग नाही तर मग काय म्हणायचं याला?

बाभूळबन:
आमच्या मॅडमचा पण लई जाच आहे भाऊ, सुट्टी मागितली की तोंड वाकडं, रविवारी पण बोलावतेत. सीआर खराब करीन म्हणून धमकी देतेत. यालाच छळ म्हणतेत, लिहून टाका.

गोदाकाठ:
दादा तुमचा त्रास खराच आहे पण तो वेगळा. सुट्टी न देणं पुरुष साहेब पण करतो की. इथं अंगाला हात लावणं आहे आणि नाही म्हणल्यावर नोकरीवर आणणं आहे.

लोहारगल्ली:
समितीला कळत नाही. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाचा तो पोश कायदा नीट वाचा, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला तिथं 'व्यक्ती' म्हणलंय, पुरुष म्हणलेलं नाही. म्हणजे बाईवर पण केस होते. परत द्या अर्ज, घ्यावाच लागतो.

निवृत्त पेशकार:
लोहारगल्ली, तुमचं अर्धं बरोबर आहे. 2013 च्या त्या कायद्यात आरोप कोणावरही होऊ शकतो, बाईवर दुसऱ्या बाईनं तक्रार केली तर समितीला ऐकावी लागते. पण तक्रार करणारी मात्र महिलाच पाहिजे, कायद्याच्या नावातच 'महिलांचा' आहे. तेव्हा समितीनं अर्ज परत केला ते कायद्याला धरूनच. चूक झाली ती पुढं, की परत करताना दुसरं टेबल कोणतं ते सांगितलं नाही.

आता विनयभंग. शब्द म्हणून बघाल तर विनय पुरुषालाही असतो, 'मुलगा विनयशील आहे' असं आपण सोयरिकीच्या वेळी म्हणतोच. पण कोर्टाच्या मराठीत हा शब्द एकाच गुन्ह्याला बांधलेला आहे. जुन्या भादंविचं 354, आता 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं 74, आणि तिथं ज्याच्यावर गुन्हा घडतो ती स्त्री. पुढचं 75, लैंगिक छळाचं, ते तर 'पुरुषाने' केलेल्या कृत्याबद्दलच आहे. म्हणून पोराच्या अर्जात विनयभंग वाचला की ठाण्यातला माणूस कलम शोधतो, सापडत नाही, आणि कलम नाही म्हणजे घटनाच नाही असं धरून चालतो. माझ्या नोकरीत असे दोन अर्ज माझ्या डोळ्यासमोरून गेले, दोन्ही 'निकाली' झाले, एकालाही साक्षीला बोलावलं नाही.

अजून एक. आपल्याकडं निजामीतून आलेल्या बोलीत 'तक्रार' म्हणजे भांडण. माझे वडील 'त्यांची तक्रार झाली' म्हणायचे ते दोघांचं वाजलं या अर्थानं. आजही गावाकडं एखादा म्हणला की मॅडमची तक्रार केली, तर ऐकणाऱ्याला वाटतं यानं बाईशी भांडण काढलं. 'बाईमाणसाशी काय भांडायलास' हे उत्तर तिथून येतं.

तेरणेची लेक:
मी एका कॉलेजात अशा समितीवर आहे, तुमच्या भावाचं कॉलेज ते नव्हे. एक सांगते, पुरुष आमच्याकडं येतात ना तेव्हा कुणीच 'छळ' म्हणत नाही. 'मॅडम जरा जास्तच बोलतेत', 'थोडा त्रास आहे', एवढंच. त्रास हा शब्द डोकेदुखीलापण आहे आणि याला पण, त्यामुळं ऐकणाऱ्याला काही कळतच नाही. खोलात विचारलं की गप्प. एकानं जाताना सांगितलं, मित्राला सांगितलं तर तो म्हणला 'मजा हाय की लेका तुझी', दुसरा म्हणला 'बायल्या हायस का'. त्यानंतर त्यानं कुणालाच सांगितलं नाही. आणि सगळ्यात मोठी भीती ही की मॅडमनंच उलट लिहून दिलं तर. तिच्या अर्जाला समिती आहे, कलम आहे, याच्या अर्जाला नाही. मी बाई आहे, तो कायदा आम्हाला किती झगडून मिळालाय ते मला माहीत आहे, तरी सांगते की ही भीती खोटी नाही.

कॉलेज असेल तर युजीसीचे 2015 चे नियम बघा. त्यात पीडित म्हणून महिलाच आहे, पण संस्थेच्या जबाबदारीत लिहिलंय की सगळ्या लिंगाच्या कर्मचारी-विद्यार्थ्यांवरच्या लिंगाधारित हिंसेविरुद्ध ठोस कारवाई करावी. प्राचार्यांच्या अर्जात ते वाक्य टाका.

गोदाकाठ:
मग प्राचार्यांना काय म्हणून लिहायचं?

निवृत्त पेशकार:
'गैरवर्तन'. या शब्दाला बाई-पुरुष नाही, आणि शिस्तभंगाची चौकशी याच शब्दावर उघडते. प्राचार्य आणि संस्थेचे सचिव दोघांना द्या, पोच घ्या, आवक नंबर टाकून घ्या. आणि अर्जात विशेषणं नकोत. 'मॅडमनी माझी विटंबना केली' असं नको, तर अमुक तारखेला, दुपारी एवढ्या वाजता, खुर्चीमागून मानेवर हात ठेवला, मी हात काढला, समोर अमुक शिपाई होता. पुढं, अमुक तारखेला पुण्याच्या मुक्कामाला नकार दिला, अमुक तारखेला बदलीचा आदेश. त्या दोन तारखा एकाखाली एक आल्या की वाचणाऱ्याला स्वतःच दिसतं. 'उलट तुझ्यावरच केस टाकीन' असं त्या म्हणल्या असतील तर ते वाक्य जसंच्या तसं अवतरणात लिहा, कारण अब्रूला धक्का लावायची भीती घालून काही करवून घेणं हे धमकीत बसतं, संहितेचं 351, तिथं कोण बाई कोण पुरुष हा प्रश्न नाही. मेसेजचे स्क्रीनशॉट पुरत नाहीत, मूळ मोबाईल जपा, विकू नका, रिसेट करू नका, पुढं कोर्टात गेलं तर त्याच मोबाईलवरून प्रमाणपत्र जोडावं लागतं.

लोहारगल्ली:
पण गैरवर्तन लई मिळमिळीत वाटतंय. उशिरा येणं पण गैरवर्तनच की. झालं ते लैंगिक होतं ते कुठं जातंय मग?

तेरणेची लेक:
हे मलाही खटकतं. मी 'लैंगिक स्वरूपाचे गैरवर्तन' लिहा म्हणीन.

निवृत्त पेशकार:
तो शब्द टाकला की फाईल परत समितीकडं ढकलतील अन तिथून परत येईल. मी नाही टाकणार.

तेरणेची लेक:
ढकलू द्या, पण कागदावर तरी राहील. नाहीतर दहा वर्षांनी कुणी फाईल काढली तर वाटेल याचं रजेवरून भांडण झालं होतं.

गोदाकाठ:
काल रात्री त्याच्याजवळ बसून अर्ज टाईप केला. चार तारखा निघाल्या, शिपाई मामा सही द्यायला तयार आहेत पण मुदतवाढ होईपर्यंत थांब म्हणतेत. 'गैरवर्तन'च्या आधीची जागा मोकळी ठेवलीय. भाऊ म्हणायलाय 'लैंगिक' लिहिलं तर बायकोला सांगावं लागल, आणि तिला अजून मेसेजचं माहीतच नाही.