स्पॉन्सरशिपचं पत्र आणि दुकानांच्या पायऱ्या: तुमचे अनुभव

कपाट आवरताना कॉलेजातल्या शॉर्ट फिल्मची फाईल हाती लागली. दुकानदारांना वाटलेल्या पत्राच्या उरलेल्या प्रती त्यात होत्या, आणि वाचून मलाच लाज वाटली. पहिलं पानभर कथा, सामाजिक आशय वगैरे. पैशांचा विषय दुसऱ्या पानाच्या तळाशी, तोही 'यथाशक्ती सहकार्य करावे' असा. पंचवीस दुकानं फिरलो, सगळ्यांचं एकच, "ठेवून जा."

शेवटी एका काकांनी विचारलं, "नेमकं किती, आणि कशाला?" त्या रात्री पत्र एका पानात बसवलं. आम्ही कोण, शूटिंग कधी, आणि थेट मागणी: एका दिवसाचं लाइटचं भाडं आपण द्यावं. बदल्यात शेवटच्या टायटल्समध्ये पाच सेकंद नाव आणि पोस्टरवर लोगो. खाली सरांची सही, शिक्का, फोन नंबर. त्याच पंचवीसांतले चौघं तयार झाले.

तुमचंही लिहा.

क्लॅपवाला: आम्ही 'फिल्ममध्ये आपलं नाव झळकेल' एवढंच लिहिलं होतं. दुकानदार समजले, हिरो त्यांच्या दुकानात येऊन खरेदी करणार! प्रीमियरला सहकुटुंब आले आणि नाव आलं शेवटी, लोक उठून जाताना. कुठे, किती वेळ, हे पत्रातच लिहा.

रिकामटेकडी: 😂😂 पुढे काय झालं?

क्लॅपवाला: पैसे परत मागितले. संपले होते.

नाना_६२: दुकानदाराला देणगीवर करात सूट मिळते, तेही पत्रात टाकावे.

हिशेबनीस: नाना, नका टाकू. सूट नोंदणीकृत संस्थेला दिलेल्या देणगीवर, चार पोरांना दिलेल्या पैशांवर नाही. जाहिरात खर्च म्हणून दाखवतील कदाचित, पण त्यांना पावती तरी हवी. आमची पावती वहीच्या पानावर होती, तिथेच गाडं अडलं.

नाना_६२: आमच्या वेळी कोणी पावती मागत नसे.

मीठमिरची: लोगोचं कोणीच बोलत नाही. व्हॉट्सॲपवर आलेला लोगो मोठ्या पडद्यावर अगदी फुटला, आणि दुकानाच्या नावात काना राहिला तो वेगळाच. आता मूळ फाईल मागते आणि नाव त्यांच्याच हाताने लिहून घेते.

सायली_ब: माझ्या मुलाला गॅदरिंगसाठी असंच पत्र हवंय, कोणाकडे नमुना आहे का?

क्लॅपवाला: गॅदरिंगचा धागा वेगळा आहे बहुतेक.

रात्रपाळी: पैशांऐवजी वस्तू मागा. आम्हाला टेलरकाकांनी चार दिवस कपडे दिले, रोख मात्र कधीच दिली नसती. फक्त काय, किती दिवस आणि फाटलं तर कोण भरणार, ते लिहा. आमचं फाटलं.

रिकामटेकडी: मग कोणी भरलं?

रात्रपाळी: अजून त्या गल्लीतून जात नाही.