मदत हवी आहे: गावातल्या आईच्या चट्ट्यांसाठी ऑनलाइन डॉक्टरांना फोटो आणि माहिती नेमकी कशी पाठवू?

रानवारा:
आई परांडा तालुक्यात असते, मी पुण्यात. तिचं वय ६१, मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. पावसाळ्यापासून कमरेला आणि जांघेत खाजरे चट्टे आहेत, आता पोटावरही आलेत. डाव्या दंडावरही एक चट्टा आहे. गावातल्या मेडिकलमधून आणलेली ट्यूब लावली की चार दिवस बरं वाटतं, थांबवली की दुप्पट खाज.

इथल्या एका त्वचारोगतज्ज्ञांना भाच्याने काढलेले फोटो पाठवले. त्या म्हणाल्या, "यावरून काही ठरवता येणार नाही. नीट फोटो, पूर्ण माहिती आणि आजवर लावलेलं सगळं पाठवा, मग व्हिडिओवर बोलू." नीट फोटो म्हणजे कसे? पूर्ण माहितीत काय काय येतं? आणि फोटो दिल्यावर व्हिडिओ कशासाठी?

शेवंता:
गजकर्ण दिसतंय ताई. टाकळ्याचा पाला वाटून लावा, आमच्याकडे पिढ्यानपिढ्या तेच करतात.

रानवारा:
शेवंताताई, उपाय नकोय हो, आधी निदान हवंय. पण आईनेही पाला लावला होता, हे तुमच्यामुळे आठवलं.

वसंतकाका:
सोपं आहे. फ्लॅश लावायचा, फोन जितका जवळ नेता येईल तितका न्यायचा आणि व्हॉट्सॲपवर टाकायचा. दर चार-पाच दिवसांनी त्याच जागेचा फोटो तारखेसह ठेवा. आमच्या हिच्या सोरायसिसला डॉक्टरांना त्याचा फार उपयोग झाला.

चर्मचक्षू:
काका, तारखेसह फोटो ठेवणं अगदी बरोबर. बाकीचं मात्र उलट करा. मी त्वचारोगतज्ज्ञ आहे आणि असे फोटो रोज बघतो.

फ्लॅशने चट्ट्याचा मधला भाग पांढरा पडतो आणि बारीक खपली दिसेनाशी होते. सावळ्या त्वचेवर लाली मुळात तपकिरी किंवा जांभळट दिसते, त्यात पिवळा बल्ब असला तर रंगावरून काहीच बोलता येत नाही. दिवसा खिडकीजवळ उभं करा, ऊन थेट अंगावर नको. मागे एकरंगी चादर धरा. ब्यूटी फिल्टर बंद, आणि कॅमेरा मागचाच वापरा.

प्रत्येक जागेचे तीन फोटो लागतात. पहिला लांबून, म्हणजे कमर आणि पोट पूर्ण दिसेल असा. चट्टे कुठे आहेत, दोन्ही बाजूंना आहेत का, हे त्यात कळतं. दुसरा हातभर अंतरावरून, चट्टा आणि शेजारची चांगली त्वचा एकत्र येतील असा. तिसरा चट्ट्याच्या कडेचा. फोन फार जवळ नेला की फोकस सुटतो, म्हणून वीतभर लांब धरून थोडा झूम करा. शेजारी रुपयाचं नाणं ठेवा म्हणजे आकार कळेल. शिवाय एक फोटो तिरका घ्या, उंचवटा समोरून कळत नाही. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं, त्यामुळे डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

आता माहिती. तुमच्या आईंच्या बाबतीत खरी किल्ली ती ट्यूब आहे. मेडिकलमधल्या अशा बऱ्याच मलमांत बुरशीवरच्या औषधासोबत क्लोबेटासोलसारखं तीव्र स्टिरॉइड असतं. त्याने खाज आणि लाली दबते, पण बुरशी पसरतच राहते. गजकर्णाची ती ठसठशीत कडा पुसट होते आणि फोटोत ते गजकर्ण वाटतच नाही. म्हणून रिकाम्या ट्यूबासुद्धा शोधा आणि दोन्ही बाजूंचे फोटो काढा, घटकांची नावं वाचता आली पाहिजेत. कोणती कधीपासून, दिवसातून किती वेळा, शेवटची कधी लावली, हे लिहा. पालाही लिहा.

पहिला चट्टा कुठे आला, घरात आणखी कुणाला खाज आहे का, टॉवेल-कपडे एकत्र असतात का, ॲलर्जी, साखरेचा शेवटचा रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं, हे सगळं द्या. बुरशीवरच्या काही गोळ्यांमुळे मधुमेहाच्या काही गोळ्यांचा जोर वाढून साखर खाली जाऊ शकते. ते न बघता कुणी गोळ्या लिहू नयेत.

व्हिडिओचं कारण नियमात आहे. मार्च २०२०च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार काही औषधं पहिल्या भेटीत व्हिडिओवर बघूनच लिहिता येतात. व्हिडिओत त्वचा फोटोपेक्षा धूसर दिसते, पण रुग्णाशी बोलता येतं, त्यामुळे दोन्ही लागतात.

सिस्टर_मंगल:
मी उपकेंद्रावर असते. जांघेचे फोटो भाच्याला काढायला सांगू नका, आई तिथलं पूर्ण दाखवणारच नाहीत आणि नेमकी तीच जागा सुटेल. घरातल्या बाईने किंवा आशाताईंनी काढावेत. फक्त तेवढीच जागा, चेहरा नको. घरच्या ग्रुपवर टाकू नका, पाठवून झाले की फोनमधून काढून टाका.

एक विचारते, दंडावरच्या चट्ट्याला खाज आहे का?

गोदाकाठ:
मध्येच विचारते, माझ्या मिस्टरांच्या पाठीवरचा तीळ दोन महिन्यांत वाढलाय, कडा वेड्यावाकड्या झाल्यात. असाच फोटो काढून पाठवला तर चालेल ना?

चर्मचक्षू:
ताई, ते फोटोवर ठेवू नका. तो हाताने चाचपून आणि त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या डर्मोस्कोपखाली बघावा लागतो, गरज पडली तर तुकडा तपासायला द्यावा लागतो. या आठवड्यातच प्रत्यक्ष दाखवा. ताप आणि अंगभर फोड, तोंडात किंवा डोळ्यांत जखमा, साल निघणं, चेहरा सुजणं, यातलं काहीही असेल तरी फोटो काढत बसायचं नाही, थेट रुग्णालयात जायचं.

रानवारा:
काय झालं ते सांगते. तुम्ही सांगितल्याप्रमाणे वहिनींनी फोटो काढले. घरात दोन वेगळ्या ट्यूबा निघाल्या, दोन्हींवर क्लोबेटासोल लिहिलंय. वहिनींनाही खाज आहे, कुणाला सांगितलं नव्हतं.

डॉक्टरांना पोटावरच्या तिरक्या फोटोत वर्तुळाच्या आत दुसरं वर्तुळ दिसलं. स्टिरॉइड लावलेल्या गजकर्णात असं होतं म्हणाल्या. ट्यूबा बंद करायला सांगितल्या, काही दिवस खाज आणि लाली वाढेल, घाबरून परत लावू नका म्हणाल्या. बुरशी आहे का ते बघायला कडेची खपली खरवडून केओएच तपासणी करायची आहे आणि त्यासाठी उपजिल्हा रुग्णालयात जायचंय. वहिनींनाही दाखवायला सांगितलंय.

मंगलताई, दंडावरचा चट्टा फिकट आहे आणि तिथे खाज नाही. डॉक्टरांनीही नेमकं तेच विचारलं.

सिस्टर_मंगल:
मग आशाताईंना बोलवा. आईंना डोळे मिटायला सांगून कापसाच्या टोकाने चट्ट्यावर आणि शेजारच्या चांगल्या त्वचेवर हलकेच स्पर्श करायचा, आणि कुठे लागलं ते बोटाने दाखवायला सांगायचं. फिकट, न खाजणाऱ्या चट्ट्यात स्पर्श कमी कळत असेल तर कुष्ठरोग तपासावाच लागतो. सरकारी दवाखान्यात त्याचे उपचार मोफत आहेत.

रानवारा:
आज केलं. कधी नीट दाखवते, कधी चुकते. तिला मधुमेहाचा त्रास हातांतही आहे की काय, कळत नाही.

वसंतकाका:
शेवटी जायचंच होतं तर ऑनलाइनचा उपयोग काय झाला?

चर्मचक्षू:
काका, ट्यूब थांबली, वहिनींचं कळलं आणि रुग्णालयात काय तपासायचं ते ठरलं. संवेदना फोटोत येत नाही, ती तिथेच तपासली जाईल. रानवारा, मधुमेहात संवेदना आधी पायाची बोटं आणि तळव्यांत कमी होते, फक्त दंडावरच्या एका चट्ट्यात नाही. म्हणून कापूस दुसऱ्या दंडावर त्याच जागी लावूनही बघा आणि काय झालं ते चिठ्ठीवर लिहून न्या.

रानवारा:
लिहून देते. केओएचआधी बुरशीचं साधं मलमही किती दिवस बंद ठेवायचं? आमच्या डॉक्टर आठवडा म्हणाल्या, रुग्णालयात फोन केला तर तसंच या म्हणाले.

चर्मचक्षू:
मलम चालू असताना बुरशी असूनही तपासणीत न दिसण्याची शक्यता असते, म्हणून मी थोडे दिवस थांबतो. काहीजण थांबत नाहीत आणि निगेटिव्ह आली तर पुन्हा करतात. पण दंडावरच्या चट्ट्यासाठी आठवडाभर थांबू नका, तो उद्याच दाखवा.