मदत हवी आहे : लघवीची नळी आत गेली, पण लघवी आली नाही

खाडीपलीकडची
दाभोळ खाडीच्या पलीकडे एका लहान आरोग्य केंद्रात मी परिचारिका आहे. काल रात्री एका आजोबांची लघवी सकाळपासून अडकली होती, ओटीपोट दगडासारखे टणक झाले होते आणि डॉक्टरांनी फोनवरून कॅथेटर घालण्यास सांगितले. नळी आत गेली, पण लघवीचा एक थेंबही आला नाही. सर्व काही निर्जंतुक पद्धतीनेच केले होते. शेवटी त्यांना तालुक्याला पाठवावे लागले. आज पुन्हा माझी रात्रपाळी आहे, तेव्हा नेमके काय चुकले ते कृपया लवकर सांगावे.

किनारा७२
लघवी अडकली म्हणजे खडाच असणार. आमच्या घरी अशा वेळी कुळथाचे कढण भरपूर देतात आणि दोन दिवसांत मोकळे होते.

निवृत्त इन्चार्ज
कढण आज्जिबात देऊ नये. ज्याची वाट बंद आहे त्याला भरपूर पाजले, तर ओटीपोट अधिकच ताणले जाते.
ताई, आपण मुख्य गोष्टी लिहिलेल्याच नाहीत. नळी कोणत्या नंबरची होती, जेली किती आणि कशी वापरली, नळीचा किती भाग बाहेर राहिला होता आणि फुगा भरला होता का?

खाडीपलीकडची
नळी 16 नंबरची होती आणि जेली तिच्या टोकाला लावली होती. साधारण वीतभर नळी बाहेर होती. फुग्यात 3-4 मिली पाणी गेले तोच आजोबा ओरडले, म्हणून ते लगेच काढून घेतले. नळी बाहेर काढली तेव्हा टोकाला थोडे रक्त होते. तीच नळी स्पिरिटने पुसून पुन्हा एक प्रयत्न केला. हे सर्व सांगण्याजोगे वाटले नव्हते.

निवृत्त इन्चार्ज
उत्तर त्या वितीतच आहे. फोलीची नळी सुमारे 40 सेंटीमीटर लांब असते. वीतभर, म्हणजे 20 सेंटीमीटरच्या आसपास, बाहेर राहिली असेल तर आतही तेवढीच गेली. पुरुषाचा मूत्रमार्गच साधारण तेवढा असतो आणि वयामुळे प्रोस्टेट वाढले असेल तर त्याहून लांब असतो. म्हणजे टोक फार तर मूत्राशयाच्या तोंडाशी पोहोचले होते आणि टोकामागचा फुगा प्रोस्टेटमध्येच होता. तेथे तो भरला म्हणून आजोबा ओरडले आणि रक्त आले. पुरुषामध्ये नळी दोन फाट्यांच्या सांध्यापर्यंत पूर्ण आत न्यावी, लघवी वाहताना डोळ्यांनी पाहावी आणि मगच फुगा भरावा.

आज रात्री क्रम असा ठेवा. हात धुऊन प्रथम ट्रेमधले सर्व उघडून मांडा आणि युरोबॅगचे टोक हाताशी ठेवा, कारण हातमोजे घातल्यावर एखादे पाकीट फोडायचे राहिले तर निर्जंतुकपणा तेथेच संपतो. शिश्न डाव्या हाताने धरून कातडी मागे घ्या. त्या क्षणापासून डावा हात अस्वच्छ मानायचा आणि नळी बसेपर्यंत तो सोडायचा नाही. सोडला तर पुसलेली जागा पुन्हा कातडीखाली जाते. उजव्या हाताने छिद्रापासून बाहेरच्या दिशेने पुसा आणि प्रत्येक वेळी नवा बोळा घ्या, म्हणजे बाहेरचे जंतू छिद्राकडे ओढले जात नाहीत.

त्यानंतर 2 टक्के लिग्नोकेन जेली, सुमारे 10 मिली, छिद्रातूनच हळूहळू आत सोडा आणि तीन ते पाच मिनिटे थांबा. टोकाला लावलेली जेली छिद्रापाशीच पुसली जाते आणि पुढचा मार्ग कोरडाच राहतो. थांबणे जिवावर येते, पण बधिरपणा तेवढ्या वेळानेच येतो. शिश्न वर ताणून धरले की पुढचे वळण सरळ होते. प्रोस्टेटपाशी नळी अडली तर जोर न लावता रुग्णाला दीर्घ श्वास घेण्यास किंवा लघवी करत असल्यासारखे करण्यास सांगा आणि हलका, सतत दाब ठेवा. जोर लावला तर मूत्रमार्गाची भिंत फाटून खोटी वाट तयार होते आणि पुढचे काम तज्ज्ञालाही कठीण जाते.

नळी सांध्यापर्यंत जाऊनही लघवी आली नाही, तर छिद्रे जेलीने बुजली असण्याची शक्यता असते. एक-दोन मिनिटे थांबा, ओटीपोटावर हलके दाबा किंवा निर्जंतुक पिचकारीने हळूच ओढून पाहा. तरीही काही आले नाही तर फुगा भरू नका.

दुसरी चूक स्पिरिटची. स्पिरिटने पुसून नळी निर्जंतुक होत नाही. बाहेर आलेली नळी टाकून द्यावी, आणि रक्त दिसल्यावर तर दुसरा प्रयत्न करूच नये, थेट डॉक्टरांना कळवावे.

लॅबवाला रत्नागिरी
वृद्धांना 12 नंबरची बारीक नळी घालावी, म्हणजे अडणारच नाही. आणि लघवी 500 मिली झाली की चिमटा लावावा, नाहीतर मूत्राशयातून रक्त येते.

निवृत्त इन्चार्ज
बारीक नळी मऊ असल्यामुळे प्रोस्टेटशी अडली की दुमडते. तेथे 16 नंबर किंवा वाकड्या टोकाची नळी अधिक उपयोगी पडते. मात्र मूत्रमार्ग आधीपासून आकुंचित असेल, तर बारीक नळीचे आपले म्हणणे बरोबर ठरते. चिमटा लावून टप्प्याटप्प्याने सोडल्यास रक्तस्राव टळतो, असे मला आढळलेले नाही. थोडा लालसरपणा बहुधा आपोआप थांबतो. खरे लक्ष ठेवायचे ते पुढच्या काही तासांवर. रिकामे झाल्यानंतरही ताशी 200 मिलीपेक्षा अधिक लघवी सतत येत राहिली, तर शरीरातील पाणी आणि क्षार कमी होतात, म्हणून तासातासाला मोजून लिहावे.

लॅबवाला रत्नागिरी
आमच्या रुग्णालयात तरी 800 नंतर चिमटा लावतातच. सगळेच चुकीचे कसे असतील?

मालवणचा मुलगा
माझ्या आईला दोन महिने नळी आहे. परवा फेरीबोटीने नेताना लघवीची पिशवी मी मांडीवर धरली होती, तेव्हापासून तिला थंडी वाजून ताप येतो आहे. नळी बदलावी का?

निवृत्त इन्चार्ज
दादा, हा प्रश्न वेगळा आहे, पण थांबू नका. नळी असलेल्या रुग्णाला थंडी वाजून ताप येणे म्हणजे जंतुसंसर्गाचा संशय, त्यांना आजच डॉक्टरांकडे न्या. पिशवी मूत्राशयाच्या वर गेली की नळीतली लघवी उलट आत वाहते. तिची जागा खाली असावी, मात्र ती जमिनीला टेकू नये.

खाडीपलीकडची
आता आठवते, जेलीची ट्यूब घेण्यासाठी मी डावा हात सोडला होता. आज मदतनीस मावशींना ट्यूब वरून सोडायला सांगेन. तालुक्यातून फोन आला होता. तेथे वाकड्या टोकाची नळी बसली, 1100 मिली लघवी निघाली, आणि आजोबा झोपले आहेत. एक प्रश्न अजून आहे, फुगा आधी भरून तपासावा का?

निवृत्त इन्चार्ज
आम्ही आयुष्यभर तपासला. आता अनेक पाकिटांवर तपासू नये असे लिहिलेले असते, कारण एकदा भरून रिकामा केलेला फुगा सुरकुततो आणि आत जाताना खरवडतो. पाकिटावर जे असेल ते पाळावे. भरताना मात्र पाकिटावरचेच माप आणि निर्जंतुक पाणीच घ्या, कारण सलाइनमधले मीठ साचून पुढे फुगा रिकामा होत नाही. आणि सर्व झाल्यावर कातडी पुढे ओढायला विसरू नका. ती मागेच राहिली तर सकाळपर्यंत सूज येऊन अडकते.

लॅबवाला रत्नागिरी
तपासल्याशिवाय फुटका फुगा कळणार कसा?