प्रतिसाद: मल्टीग्रिडच्या व्ही-सायकली ग्रिडबरोबर का वाढतात?

> "ग्रिड दुप्पट केली की माझ्या व्ही-सायकलीही वाढतात. त्या तेवढ्याच राहायला हव्यात ना?"

हो, राहायला हव्यात. एका मितीत -u''=f साठी, बिंदूंमधलं अंतर h असलेल्या ग्रिडवर, ω=2/3 वजनाचा भारित जाकोबी घ्या; स्मूदिंग, म्हणजे वेगवान लहरी पुसणं, तोच करतो. θ या लहरीची त्रुटी दर फेरीत 1-(4/3)sin²(θ/2) पटीने उरते. θ जर π/2 ते π मध्ये असेल, तर हा आकडा 1/3 च्या वर जात नाही आणि त्यात h कुठेच नाही. साधा जाकोबी (ω=1) इथे चालत नाही: θ=π ला गुणक -1, म्हणजे त्रुटी नुसती चिन्ह बदलत बसते. उरलेल्या संथ लहरी 2h च्या ग्रिडवर नीट मावतात, त्यांचं काम तिथे होतं. दोन्ही वाटे h वर अवलंबून नाहीत, म्हणून सायकलीही नाहीत.

तुमच्याकडे बहुधा जाड, म्हणजे 2h च्या, ग्रिडवरही -u'' च्या फरक-सूत्रात 1/h² च राहिलंय. तिथे 1/(4h²) हवं. नाहीतर दुरुस्ती चतुर्थांशच मिळते, त्याखालच्या पातळीवर 1/16. पातळ्या वाढतील तसं बिघडत जातं.

तपासायला f=0 ठेवा आणि सुरुवात sin(πx) ने करा, म्हणजे u हीच त्रुटी. दोनच पातळ्या घ्या, स्मूदिंग बंद, जाड ग्रिड अचूक सोडवा. एका दुरुस्तीनंतर u जवळजवळ शून्य व्हायला हवं. 0.75 च्या आसपास उरलं, तर चूक हीच.