उद्या रिलीज, ४२० रिग्रेशन केसेसमधल्या कुठल्या चालवू?

मदत हवी आहे. हातात एकच दिवस, आम्ही दोघं टेस्टर, सगळं मॅन्युअल, म्हणजे फार तर ९० केसेस होतील. बिघडायची शक्यता आणि बिघडलं तर होणारं नुकसान, दोन्हीला १ ते ३ मार्क देऊन गुणाकार केला, तर ६ च्या वर १६० निघाल्या. कारण डेव्हलपरने रक्कम राउंड करणारं कॉमन फंक्शन बदललंय आणि ते कार्ट, इन्व्हॉइस, रिफंड सगळीकडे वापरलंय (शेवटच्या आठवड्यात, अर्थातच!). स्मोक झालंय, तारीख हलणार नाही, फंक्शनला युनिट टेस्ट नाहीत. मग प्रत्येक ठिकाणी ०.५ पैशावर अडकणारी एकेकच केस घेऊ, की रिफंडसारखे पैसे परत जाणारे फ्लो पूर्ण चालवून बाकीचे सोडू?