पाटी नाही म्हणजे जाहिरात नाही?

सराफ्यातला: मिक्सरचा १२ मिनिटांचा व्हिडिओ बघितला. सुरुवातीला 'Includes paid promotion' कुठेच नाही, म्हणजे माणूस प्रामाणिक. उगाच सगळ्यांना विकाऊ म्हणू नका.

होळकरी: अहो, ती पाटी यूट्यूब शोधून लावत नाही. अपलोड करताना व्हिडिओवाल्यानेच चौकोनात टिचकी मारायची. मारली तर सुरुवातीला १० सेकंद पाटी दिसते, नाही तर काही नाही. मी तोच व्हिडिओ शून्यापासून चालवला. पाटी नाही, पण खाली वर्णनात त्याच्याच नावाचा सवलतीचा कोड आहे! शिवाय ४:१० ते ७:४० मिक्सरचंच गुणगान. भारतीय जाहिरात मानक परिषदेच्या, म्हणजे ASCI च्या, २०२१ च्या नियमांप्रमाणे २ मिनिटांहून मोठ्या व्हिडिओत वस्तूबद्दल बोलणं चालू आहे तोवर लेबल दिसायला हवं. म्हणजे इथे साडेतीन मिनिटं. यूट्यूबची १० सेकंदांची पाटी असती, तरी तेवढ्याने भागत नाही.

शीलाकाकू: मी प्रीमियमचे पैसे भरते, तरी जाहिराती का दिसतात?

होळकरी: काकू, यूट्यूबच्या जाहिराती जातात. त्याच्या तोंडातली कशी जाणार?

भंवरकुआंकर: पैसे घेतले तरच हे सगळं. फुकट वस्तू मिळाली तर लेबल लागत नाही.

होळकरी: लागतं. फुकट मिळालेली वस्तू, हॉटेलमधला मुक्काम, घरचं नातं, सगळं त्यात धरलंय.

पोहेवाला भिया: फुकटाचं नाव काढू नका! माझ्या मेहुण्याच्या गाडीवर एक जण ट्रायपॉड घेऊन आला. तो आणि त्याचे चार दोस्त पोहे-जलेबी हाणून गेले, वर म्हणतात, "व्हिडिओ टाकू, पैसे कसले?" व्हिडिओत 'मन से खा रहे हैं' म्हणाला. आता सांगा, ही जाहिरात की लूट?

भंवरकुआंकर: मेहुण्यालाही गर्दी हवीच होती ना? रडतोस कशाला?

पोहेवाला भिया: गर्दी आली ती रील काढायला! एक प्लेट चार जणांत. तू ये एकदा रविवारी गाडीवर, मग बोल.

शीलाकाकू: भांडू नका. जिरावण जास्त टाकलं होतं का?

सराफ्यातला: विषय मिक्सरचा होता. आणि कोड म्हणजे पुरावा नाही, कंपन्या कोड कुणालाही देतात.

होळकरी: पुरावा नाही, कबूल. पण त्या कोडावर त्याला कमिशन मिळत असेल, तर तेही सांगायलाच हवं.

भंवरकुआंकर: नाही सांगितलं तर १० लाख दंड, माहितेय मला.

होळकरी: परिषद दंड करत नाही, ती उद्योगाचीच संस्था. १० लाखांपर्यंतचा दंड केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचा, तोही दिशाभूल ठरली तर.

सराफ्यातला: बरं, विद्वान! कोड टाकून मिक्सर मागवून झालाय. २०० रुपये वाचले, एवढं तरी खरं मानू द्या.