ब्रेथ अॅनालायझर तपासणी: ±५ टक्के नेमके कशाचे? मदत हवी आहे

गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या कॅलिब्रेशन लॅबमध्ये काम करतो. गेटवर वापरायचं फ्युएल सेलचं मशीन तपासणीला आलंय. सिम्युलेटर ३४ अंशाला आहे.

द्रावणाच्या बाटलीवर ठळक छापलंय ५०, पण त्याच बॅचच्या सर्टिफिकेटवर ५१ (मिग्रॅ प्रति १०० मिली, ३४ अंशाला), अनिश्चितता ±१. मशीन दर वेळी ४८ दाखवतं. मॅन्युअलमध्ये फक्त 'रेफरन्सच्या ±५ टक्के'. ५० धरलं तर खालची मर्यादा ४७.५, म्हणजे पास. ५१ धरलं तर ४८.४५, म्हणजे नापास!

नवीन बाटली झाली, दुसऱ्या थर्मामीटरने तापमान पाहिलं (एका अंशाने साधारण साडेसहा टक्के फरक पडतो, म्हणून), नळी गरम ठेवली, आत थेंब नाहीत, ब्लँक शून्य येतो. कंपनीकडून उत्तर नाही. आत्ता अॅडजस्ट करायचं नाहीये, ग्राहकाला आलं तसंच रीडिंग हवंय.

माझ्या मते सर्टिफिकेटचा आकडाच खरा. पण मग ती ±१ मर्यादेत मिळवून मशीनला सूट द्यायची, मर्यादेतून वजा करून कडक धरायची, की फक्त रिपोर्टमध्ये लिहायची? आणि डिस्प्ले पूर्णांकच दाखवतो, तेव्हा ४८ म्हणजे ४८.४९ही असू शकतं, ते कसं धरता?